अपघात पॉलिसीत मोठा आकडा मृत्यूचा असतो, पण वाचायच्या ओळी त्याखाली असतात

प्रश्न: वय ३६, फर्निचरची कामं घेतो, स्वतः मशीनवर उभा असतो. १० लाखांची आरोग्य पॉलिसी आहे, बँकेतून सुरक्षा विमा योजनेचे २० रुपये दरवर्षी कापले जातात आणि बाइकच्या विम्यात १५ लाखांचं अपघात कव्हर आहे. एजंट म्हणतो, अजून एक वेगळी अपघात पॉलिसी घ्या. खरंच गरज आहे का? आणि आजारपणात हातपाय गेले तर तिच्यातून पैसे मिळतात का?

उत्तर: पहिल्याचं उत्तर हो, पण एजंट दाखवेल तीच घ्या असं नाही. दुसऱ्याचं उत्तर नाही. आता सविस्तर सांगतो. माझी वीस-बावीस वर्षं दाव्यांच्या कागदांत गेली आहेत, आधी कंपनीच्या बाजूने आणि आता दावेदाराच्या बाजूने. त्यामुळे पॉलिसी विकताना काय सांगतात यापेक्षा पैसे द्यायच्या वेळी कोणती ओळ काढून दाखवतात, हे मला जास्त आठवतं.

तुमच्याकडे आहे त्यापासून सुरुवात करू. आरोग्य पॉलिसी हॉस्पिटलचं बिल भरते. त्यापलीकडे डिस्चार्जनंतर ठरावीक दिवस, बहुधा ६० किंवा ९०, औषधं, तपासण्या आणि फिजिओथेरपीचा खर्च देते. तुमचं बुडालेलं काम हा तिचा विषयच नाही.

पंतप्रधान सुरक्षा विमा योजना २०१५ ची. हप्ता आधी १२ रुपये होता, जून २०२२ पासून २० झाला. अपघाती मृत्यूला २ लाख. दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा एक डोळा आणि एक हात अथवा पाय कायमचा गेला तरी २ लाख. एकच डोळा, एकच हात किंवा एकच पाय गेला तर १ लाख. संपलं. बोट तुटलं, हाड मोडलं, चार महिने घरी बसलात, तर काहीही नाही. २० रुपयांत याहून जास्त अपेक्षा करणं बरोबरही नाही. ती चालू ठेवा.

बाइकमधलं १५ लाखांचं कव्हर हे मालक-चालकाचं सक्तीचं अपघात कव्हर. ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, आणि तेही तुम्ही तुमच्याच गाडीवर असताना. मित्राची बाइक चालवताना पडलात, करवतीवर हात गेला किंवा माळ्यावरून घसरलात, तर ते लागू होत नाही. गाडीवर असतानाही एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा जाण्याला निम्मी रक्कम, दोन जाण्याला पूर्ण. हाड मोडून पुन्हा जुळलं, तर शून्य.

आता ही तिन्ही कव्हरं एका साध्या अपघातात कुठे संपतात ते बघा. एक फरशीकाम करणारा ठेकेदार माझ्याकडे आला होता. तुमच्याच वयाचा, स्वतः गुडघे टेकून फरशी बसवणारा. महिन्याला साधारण ५०,००० हातात पडत. रात्री बाइक घसरली आणि उजव्या गुडघ्याखालचं हाड सांध्याजवळच मोडलं. प्लेट, स्क्रू, सहा दिवस हॉस्पिटल. बिल ३,४२,००० झालं. आरोग्य पॉलिसीने ३,११,००० दिले, हातमोजे, नोंदणी वगैरे मिळून ३१,००० कापले. इथपर्यंत सगळं ठीक.

खरा खर्च घरी सुरू झाला. पहिले सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, पुढचे सहा वॉकरवर. फिजिओथेरपीचे पहिल्या ६० दिवसांचे पैसे पॉलिसीतून आले, पण सांधा सुटायला पाच-सहा महिने लागतात. त्यानंतरच्या साठेक बैठकांचे ४०० रुपयांप्रमाणे २४,००० त्याने स्वतः भरले. वॉकर, कमोडची खुर्ची, रिक्षा हे वेगळंच. आणि ३० आठवडे काम बंद. म्हणजे साडेतीन लाखांची कमाई गेली. बाइकचं १५ लाखांचं कव्हर आणि बँकेची योजना दोन्ही चालू होती. दोन्हींतून एक रुपया आला नाही, आणि नियमाप्रमाणे तो यायचाही नव्हता.

त्याचं नशीब असं की एका जुन्या धाटणीची २० लाखांची अपघात पॉलिसी त्याच्याकडे होती. असल्या पॉलिसीत चार कप्पे असतात: मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व, कायमचं अंशतः अपंगत्व आणि तात्पुरतं पूर्ण अपंगत्व. विकणारा पहिल्या कप्प्याचा आकडा सांगतो. कारखान्यात, साइटवर, रस्त्यावर रोज घडणारे अपघात मात्र शेवटच्या दोन कप्प्यांत पडतात.

तात्पुरत्या अपंगत्वाच्या कप्प्याला आमच्याकडे साप्ताहिक भरपाई म्हणतात. जुन्या शब्दरचनेत ती विमा रकमेच्या आठवड्याला १ टक्का असते, जास्तीत जास्त १०० आठवडे. २० लाखांवर १ टक्का म्हणजे २०,००० आठवड्याला, असं वाटून तो खुश होता. खाली बारीक अक्षरात आठवड्याची कमाल मर्यादा होती, ५,००० रुपये. ही मर्यादा बहुतेक जुन्या पॉलिसींत असते आणि ती विमा रक्कम वाढवली म्हणून वाढत नाही. ५० लाखांची घेतली असती तरी ५,००० च.

शिवाय ते ३० आठवड्यांचेही मिळाले नाहीत. त्या कलमात शब्द असतात की जखमी माणूस ‘कोणत्याही प्रकारचा’ कामधंदा करण्यास पूर्ण असमर्थ असला पाहिजे. त्याचा स्वतःचा धंदा असं तिथे म्हटलेलं नसतं. अठराव्या आठवड्यात तपासणीला गेला तेव्हा डॉक्टरांनी चांगल्या मनाने कागदावर लिहिलं, बसून करण्याचं हलकं काम चालेल. फरशी बसवणाऱ्याला बसून करायचं हलकं काम कुठून मिळणार? पण कंपनीने ती ओळ उचलली आणि भरपाई तिथेच थांबवली. १८ आठवड्यांचे ९०,००० मिळाले. मी नंतर डॉक्टरांकडून खुलासा आणला, उपयोग झाला नाही. तेव्हापासून मी लोकांना सांगतो: तपासणीला जाताना आपलं काम नेमकं काय आहे, किती वेळ उभं राहावं लागतं, वजन किती उचलावं लागतं, हे डॉक्टरांना आधी सांगा. खोटं काही लिहून घ्यायचं नाही. पण जे खरं आहे, ते तुमच्या कामाच्या भाषेत कागदावर यायला हवं.

पुढचा टप्पा अजून शिकवणारा होता. हाड जुळलं, पण गुडघा ७०-८० अंशांपलीकडे वाकेना. मांडी घालणं बंद, उकिडवं बसणं बंद. सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला काढला, त्यावर २० टक्के. घरच्यांनी हिशोब केला की २० लाखांचे २० टक्के म्हणजे ४ लाख. दाखला नीट वाचला तर त्यावर लिहिलं होतं ‘उजव्या पायाच्या संदर्भात’ २० टक्के. म्हणजे अख्ख्या शरीराचे नव्हेत, एका पायाचे. कोणता अवयव गेला की किती टक्के, याचा पॉलिसीत तक्ता असतो, त्यात संपूर्ण एक पाय जाण्याला ५० टक्के आहेत. कंपनीच्या डॉक्टरने शेवटी त्या ५० चे २० टक्के, म्हणजे १० टक्के ठरवले आणि २ लाख मिळाले. त्या पॉलिसीचा विचार करता मला ते बरोबरच वाटलं.

पण ते २ लाख कोणत्या ओळीतून मिळाले हे महत्त्वाचं आहे. तक्त्यात ‘ताठर गुडघा’ अशी नोंद नसते. तिथे अवयव गेल्याच्या किंवा त्याचा वापर कायमचा पूर्णपणे गेल्याच्या नोंदी असतात. त्याच्या पॉलिसीत तक्त्याच्या शेवटी एक ओळ होती: ‘इतर कोणतंही कायमचं अंशतः अपंगत्व, डॉक्टर ठरवतील तेवढे टक्के’. ही ओळ नसती तर गुडघ्याचे शून्य. हल्लीच्या बऱ्याच स्वस्त आणि अॅपवरून दोन मिनिटांत मिळणाऱ्या पॉलिसींमध्ये तक्ता असतो, पण ही शेवटची ओळ नसते. मी कुठलीही अपघात पॉलिसी हातात घेतली की आधी हीच ओळ शोधतो.

तुमच्या बाबतीत तक्ता मात्र स्वतंत्रपणे वाचण्यासारखा आहे, कारण तुमचा हात मशीनवर असतो. जुन्या प्रचलित तक्त्यात अंगठा पूर्ण गेला तर २५ टक्के, अंगठ्याचं एक पेर गेलं तर १०. तर्जनी पूर्ण गेली तर १०, दोन पेरं ८, एक पेर ४. करंगळी पूर्ण ४. म्हणजे २० लाखांच्या पॉलिसीत करवतीने तर्जनीची दोन पेरं नेली तर १ लाख ६० हजार. सुतारकामात हे किती सहज होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. यासाठी बँकेची योजना आणि बाइकचं कव्हर, दोन्ही गप्प बसतात. तक्ते कंपनीगणिक थोडे बदलतात, म्हणून तुमच्या पॉलिसीतला बघा. आणि बोट तुटून टाके घालून जोडलं, पण वाकत नाही, अशा वेळी पुन्हा तीच ‘इतर’वाली ओळ कामाला येते.

अपघात म्हणजे काय, यावरही वाद होतात. व्याख्या सगळीकडे एकच आहे: अचानक, अनपेक्षित, इच्छेविरुद्ध आणि बाह्य, दृश्य, जोरकस कारणाने घडलेली घटना. ‘बाह्य’ हा शब्द पकडून ठेवा. पायरीवरून घसरून पडलात तर अपघात. चक्कर येऊन पडलात तर कंपनी म्हणणार, मूळ कारण चक्कर, म्हणजे आजार. आणि हे ठरतं कशावरून? हॉस्पिटलच्या पहिल्या केसपेपरवरून. घाबरलेला भाऊ किंवा शेजारी कॅज्युअल्टीत सांगतो, ‘बहुतेक चक्कर आली असेल’, आणि ड्युटीवरचा डॉक्टर तसंच लिहितो. पुढे सहा महिने त्या एका वाक्याशी भांडावं लागतं. दारूचा उल्लेखही तिथेच होतो आणि त्याने दावा थेट बाद होतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे याच्या टोकाचं प्रकरण आलं होतं: मोझांबिकमध्ये काम करणारा माणूस मलेरियाने गेला, घरच्यांचं म्हणणं की डास चावणं हा अपघात. जिथे मलेरिया इतका सर्रास आहे तिथे तो अपघात म्हणता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

इथून आपण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आलोच. पक्षाघात, मणक्याचा आजार, मधुमेहामुळे कापावा लागलेला पाय, गेलेली दृष्टी, यातल्या कशालाही अपघात पॉलिसी हात लावत नाही, मग ती एक कोटीची का असेना. आणि माणूस कायमचा अंथरुणाला खिळण्याची कारणं पन्नाशीनंतर बहुतेक आजाराचीच असतात. परदेशात ‘काम करता येत नाही म्हणून दरमहा उत्पन्न’ देणारा विमा सर्रास मिळतो, कारण अपघात असो की आजार. आपल्याकडे एकट्या माणसाला तो जवळजवळ मिळतच नाही. गंमत म्हणजे आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळणारी जुनी व्यवस्था आहे, ती कामगार राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची. महिन्याला २१,००० पर्यंत पगार असलेल्या नोंदणीकृत कामगाराला आजारपणात ७० टक्के मजुरी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत आणि कामावरच्या दुखापतीत ९० टक्के मजुरी, ती बरं होईपर्यंत. साधारण दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणच्या कामगारांना ते मिळतं. तुम्हाला नाही.

म्हणून स्वतःचा धंदा असलेल्याने आजाराची भोकं तुकड्या-तुकड्यांनी बुजवायची. पहिला तुकडा गंभीर आजाराची पॉलिसी. यादीतला आजार निघाला की ती ठरलेली रक्कम एकदम देते, बिलाशी संबंध नाही. पक्षाघात त्या यादीत असतो, पण व्याख्या वाचा: मेंदूवरचा परिणाम कायमचा असला पाहिजे आणि निदान तीन महिने टिकल्याचा पुरावा हवा. चार आठवड्यांत सुधारलात तर देवाची कृपा, पण पैसे नाहीत. डोक्याला मार लागून झालेली इजा त्या कलमातून वगळलेली असते, ती अपघात पॉलिसीकडे जाते. दोन पॉलिसी इथे विटेला वीट बसावी तशा बसतात. हातापायांच्या कायमच्या लुळेपणाला वेगळं कलम असतं, त्यात मेंदूची किंवा मणक्याची इजा आणि आजार दोन्ही चालतात, पण दोन किंवा अधिक अवयव जायला हवेत. मधुमेहात एकच पाय गुडघ्याखाली कापला तर दोन्ही कलमं लागू होत नाहीत.

दुसरा तुकडा मुदत विम्यावरचा हप्तामाफीचा रायडर, म्हणजे मूळ विम्याला जोडून घ्यायचं जादा कव्हर. कायमचं अपंगत्व आलं की पुढचे हप्ते कंपनी भरते, विमा चालू राहतो. स्वस्त असतो. तो फक्त अपघाताच्या अपंगत्वाला आहे की आजाराच्याही, हे विचारूनच घ्या, कारण बऱ्याच रायडरच्या नावात अपंगत्व असतं आणि पोटात ‘अपघाताने आलेलं’ असतं. तिसरा तुकडा विम्याचा नाहीच: सहा महिन्यांचा घरखर्च, हात न लावता ठेवलेला. बारीक कंबरदुखीने दोन महिने मशीनवर उभं राहता आलं नाही, तर त्याला भारतातली कुठलीही पॉलिसी पैसे देणार नाही.

आता तुम्ही नेमकं काय घ्यावं. मी मृत्यूच्या आकड्यापासून सुरुवात करत नाही, त्यासाठी मुदत विमा आहे आणि तो अपघात की आजार हे विचारत नाही. मी आठवड्याच्या गरजेपासून उलटा येतो. महिन्याला ५०,००० लागत असतील तर आठवड्याला साधारण १२,०००. ५,००० ची मर्यादा असलेली पॉलिसी इथे तोकडी पडते. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘सरल सुरक्षा विमा’ नावाची प्रमाणित अपघात पॉलिसी आणली, ती अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत मिळते. तिच्यात मृत्यू आणि दोन्ही कायमची अपंगत्वं मूळ कव्हरमध्ये आहेत. साप्ताहिक भरपाई मात्र ऐच्छिक आहे, वेगळा हप्ता भरून मागावी लागते, विसरू नका. तिचा दर आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के. ५० लाखांवर आठवड्याला १०,००० होतात. ऐकायला दर कमी वाटतो, पण हिशोब जुन्या १ टक्क्यापेक्षा तुमच्या कामाचा निघतो. अपघाताच्या हॉस्पिटल खर्चाचा ऐच्छिक कप्पाही तिच्यात आहे. आरोग्य पॉलिसी १० लाखांची असताना तुम्हाला तो नको.

अडचण दुसरीकडे येईल. विमा रक्कम किती द्यायची हे कंपनी तुमच्या कमाईवरून ठरवते, बहुधा वार्षिक उत्पन्नाच्या दहापट वगैरे, आणि कमाई म्हणजे आयकर विवरणपत्रात दाखवलेली, स्वतःच्या कष्टाची. भाडं, व्याज त्यात धरत नाहीत. फरशीवाल्या ठेकेदाराने हातात ६ लाख येत असताना विवरणपत्रात ३ लाख दाखवले होते. साप्ताहिक भरपाईच्या वेळी कंपनीने तेच विवरणपत्र मागितलं. तिथे ५,००० ची मर्यादाच कमी असल्याने फरक पडला नाही, पण तुमच्या १०,००० ला पडेल.

आणि प्रस्तावपत्रातला व्यवसायाचा रकाना स्वतःच्या हाताने भरा. एजंट हप्ता कमी बसावा म्हणून ‘व्यापार’ लिहितात. कार्यालयात बसणारा पहिल्या जोखीम गटात, मशीनवर हाताने काम करणारा त्याच्या वरच्या गटात, हप्ताही जास्त. एका सुतारकाम करणाऱ्याचा अंगठ्याचा दावा आला तेव्हा कागदावर ‘फर्निचर विक्री’ होतं आणि अंगठा प्लॅनर मशीनमध्ये गेला होता. तक्त्यातले २५ टक्के मिळायला दीड वर्ष लागलं, तेही कापून. तुमच्या रकान्यात ‘फर्निचर बनवणे, विजेच्या करवतीवर आणि प्लॅनरवर स्वतः काम’ असं लिहा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

नवीन पॉलिसी १५ लाखांहून मोठी असेल आणि तिच्यात मृत्यू व कायमचं अपंगत्व असेल, तर बाइकच्या पुढच्या नूतनीकरणाला मालक-चालकाचं कव्हर वेगळं घेण्याची सक्ती राहत नाही, पॉलिसीची माहिती देऊन ते वगळता येतं. मी असतो तर वगळलं नसतं. अपघाताच्या या पॉलिसी ठरलेली रक्कम देतात, एकीने दिले म्हणून दुसरी नाही म्हणत नाही, आणि तुम्ही दिवसभर बाइकवरच साइट फिरत असणार.